खोक्याचा दर, उधारीचे दिवस आणि एक ईमेल

फेब्रुवारी संपत आला की लोणची करणाऱ्या छोट्या कारखान्यांत बरण्या, झाकणे आणि पुठ्ठ्याची खोकी मागवायची लगबग सुरू होते. नेमका तेव्हाच खोकेवाल्यांचा ईमेल येतो. ‘कागद महागल्यामुळे नवीन दर २८.५० रुपये. पेमेंट ५० टक्के ॲडव्हान्स, बाकी माल निघण्याआधी.’ कालपर्यंत हेच खोके २५ रुपयांना मिळत होते आणि माल उतरल्यावर ३० दिवसांनी पैसे द्यायची मुभा होती.

खरेदीच्या टेबलावर बरीच वर्षे काढल्यावर मला अशा ईमेलला जाणारी दोन उत्तरे पाठ झाली आहेत. एक म्हणजे ‘दर फारच जास्त आहे, शेवटचा सांगा’, आणि दुसरे म्हणजे मौन. पहिल्याने समोरचा दुखावतो, दुसऱ्याने तो आपला होकार धरून चालतो. तिसरे उत्तर कसे लिहायचे, ते या एका उदाहरणातून टप्प्याटप्प्याने पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. रीत मात्र आपल्याला आपल्या मालाला लावता येईल.

ईमेल आल्या दिवशी उत्तर देऊ नका. त्या दिवशी दोनच गोष्टी बघा. कोटेशनच्या तळाशी वैधता, म्हणजे हा दर किती तारखेपर्यंत लागू आहे, ते लिहिलेले असते. उत्तर त्या तारखेच्या आत गेले पाहिजे, नाहीतर आपण ज्या दरावर बोलतो आहोत तो दरच उरलेला नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले खाते. अकाउंट्सकडून त्या पुरवठादाराचा खातेउतारा मागवा आणि जुने बिल थकले आहे का ते तपासा. थकले असेल तर आधी ते चुकते करा, मगच दराचे बोला. हा टप्पा गाळल्यामुळे फिसकटलेली बोलणी मी जेवढी पाहिली आहेत, तेवढी दरावरून फिसकटलेली पाहिली नाहीत. डिसेंबरचे बिल आपल्याकडे पडून असताना आपण सवलत मागतो, तेव्हा तो मनात म्हणतो, आधीचे तर द्या. आणि बऱ्याचदा ॲडव्हान्सची अट कागदाच्या भाववाढीतून आलेलीच नसते, ती आपल्या उशिरातून आलेली असते.

आता दराकडे वळू. तो आधी एका पातळीवर आणावा लागतो. २८.५० मध्ये गाडीभाडे धरले आहे की नाही? जीएसटी वेगळा आहे का? जुना दर कारखान्यात पोहोच होता आणि नवा दर त्यांच्या दारातला असेल, तर वाढ दिसते त्याहून मोठी आहे. आपल्या उदाहरणात दोन्ही दर पोहोच आहेत आणि जीएसटी सोडून आहेत.

खोके पाच पदरी आहे, म्हणजे तीन सपाट थर आणि त्यांच्यामध्ये नागमोडी कागदाचे दोन थर. एका खोक्याचे वजन ४५० ग्रॅम. महिन्याला आपल्याला ३,००० खोकी लागतात. वाढ खोक्यामागे साडेतीन रुपये, म्हणजे महिन्याला १०,५०० रुपये.

खोक्याच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा क्राफ्ट कागदाचा असतो. क्राफ्ट म्हणजे तो तपकिरी, चिवट कागद. खोकेवाले कागद किलोने घेतात, म्हणून त्यांचे गणितही किलोतच चालते. ४५० ग्रॅमच्या खोक्याला कापाकापीतली घट धरून साधारण ४७५ ग्रॅम कागद लागतो, असे धरू. म्हणजे कागद किलोमागे एक रुपया हलला, की खोक्यामागे साडेसत्तेचाळीस, म्हणजे जवळपास ४८ पैसे हलतात. हा एक आकडा काढून ठेवलात, तर पुढची सगळी बोलणी सोपी जातात.

कागद किती वाढला हे त्यांनाच विचारायचे. एका ओळीचा ईमेल पुरतो. ‘कागदाचा दर तुम्हाला आधी किती पडत होता आणि आता किती पडतो, एवढे कळवाल का? म्हणजे मला आत नीट मांडता येईल.’ सरळ व्यवहार करणारा पुरवठादार हे सांगतो. समजा, उत्तर आले की किलोमागे चार रुपये वाढले. चार गुणिले साडेसत्तेचाळीस पैसे, म्हणजे १ रुपया ९० पैसे. साडेतीनपैकी एवढी वाढ कागदाची. उरलेले १ रुपया ६० पैसे कशाचे, ते अजून कळलेले नाही.

इथे एक घाई होते. हिशेब जमला की आपल्याला चोर पकडल्यासारखे वाटते आणि तसाच ईमेल लिहिला जातो. पण त्या १.६० मध्ये वीज, खळ, मजुरी, डिझेल यांतले काहीतरी खरेही असेल, आणि थोडे ‘घासाघीस होणारच आहे’ म्हणून ठेवलेलेही असेल. दोन्ही गृहीत धरूनच लिहावे. आपण हिशेब मागतो आहोत, कबुलीजबाब नाही.

यानंतर दिवसांचे पैसे करायचे. हे बहुतेक जण करतच नाहीत. दरासाठी तासभर भांडतात आणि पेमेंटची अट जाता जाता मान्य करतात, किंवा ३० दिवस सुटू नयेत म्हणून दर गमावून बसतात. खरे तर दोन्ही एकाच तराजूत तोलता येतात.

आपले कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेने धंद्याला दिलेली फिरती उचल, वर्षाला १२ टक्क्यांनी आहे असे धरा. महिन्याला एक टक्का झाला. २७ रुपयांच्या आसपासच्या खोक्यावर ३० दिवसांच्या उधारीची किंमत साधारण २७ पैसे आणि १५ दिवसांची साडेतेरा पैसे. वाद १ रुपया ६० पैशांचा आहे आणि ज्या उधारीला आपण इतके कवटाळून बसलो, ती २७ पैशांची!

पुरवठादाराच्या बाजूने हेच गणित वेगळे दिसते. त्याची कागद गिरणी रोख मागत असेल आणि तो बाहेरून महिना दीड टक्क्याने पैसा उचलत असेल, तर तेच १५ दिवस त्याला खोक्यामागे वीस पैशांना पडतात. शिवाय पैसा हातात असला तरच पुढचा कागद उचलता येतो, ही निकड वेगळीच. म्हणून आपल्याला स्वस्त आणि त्याला महाग पडणारी गोष्ट आपण देऊ शकतो: लवकर पेमेंट. बदल्यात दर मागायचा.

याला मर्यादा आहे. आपल्या खात्यात पैसाच नसेल, आपले दुकानदार आपल्याला ४५ दिवसांनी पैसे देत असतील, तर साडेतेरा पैशांचा हिशेब कागदावरच राहतो. जे पाळता येणार नाही ते लिहू नका. १५ दिवस कबूल करून ४० व्या दिवशी पैसे देणारे गिऱ्हाईक म्हणून नाव झाले की पुढच्या कोटेशनमध्ये त्याची किंमत आधीच धरलेली असते.

ॲडव्हान्सचा मुद्दा मात्र व्याजाचा नाही. माल यायच्या आधी निम्मे पैसे आणि निघताना उरलेले गेले, तर खोकी ओलसर निघाली किंवा छपाई फिसकटली, तेव्हा आपल्या हातात काहीच उरत नाही. नाही म्हणायचे ते या कारणासाठी, आणि हे कारण उघड सांगायला हरकत नाही.

उलट्या बाजूने, ६० दिवस मागायचा मोहही टाळा. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ लागू होतो. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे मुदत जाऊ शकत नाही, आणि लेखी काहीच नसेल तर १५ दिवसच मिळतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. २०२३ च्या वित्त कायद्याने यात आयकराचीही भर घातली. मुदत उलटून गेलेले असे बिल ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकते होते, त्याच वर्षी ते खर्च म्हणून वजा मिळते. आपल्या सीएंना एकदा विचारून घ्या.

आता आपले तीन आकडे एका कागदावर लिहा, ईमेलमध्ये नाही. मागायचा दर २६.९०, म्हणजे जुना दर अधिक कागदाची पूर्ण वाढ. जास्तीत जास्त परवडणारा दर २७.४०. आणि तेवढ्यावरही जमले नाही तर काय, याचे उत्तर. दुसऱ्या खोकेवाल्याकडून नमुना मागवायचा, आपल्या छपाईचा नवा ब्लॉक करून घ्यायचा, पाच-सहा खोकी भरून रचून पाहायची, यात तीन-चार आठवडे सहज जातात. मे महिन्यात कैऱ्या आल्यावर हे करायला वेळ नसतो. म्हणूनच ही बोलणी फेब्रुवारीत उरकायची.

ईमेल पाठवण्याआधी फोन करा, दोन मिनिटांचाच. ‘शेठ, तुमचे कोटेशन मिळाले. वाढ थोडी जास्त वाटते आहे, मी हिशेब करून सविस्तर ईमेल टाकतो. तुम्ही निवांत बघा.’ आपल्याकडे वर्षानुवर्षांचा व्यवहार आवाजावर चालतो. फोन न करता आलेला आकड्यांचा ईमेल वकिलाच्या नोटिशीसारखा वाटतो. फोनवर आकडा मात्र सांगू नका, विचारला तरी.

ईमेलची भाषा फोनवरचीच ठेवा. ज्यांच्याशी मराठीत बोलतो त्यांना मराठीतच लिहावे. इंग्रजीतले साधे वाक्यही उगाच करडे होऊन जाते. त्यांच्याच कोटेशनच्या ईमेलला उत्तर म्हणून लिहा, म्हणजे दोघांच्या समोर तीच ओळ राहते. आपल्या मालकांना किंवा अकाउंट्सना प्रत लावू नका; चारचौघांत माघार घेणे कुणालाच आवडत नाही. ईमेल असा असू शकतो:

‘विषय: पाच पदरी खोके, ४५० ग्रॅम: मार्च ते मे दर आणि पेमेंट

नमस्कार शेठ,

कोटेशन मिळाले, आणि कागदाच्या दराची माहिती लगेच दिलीत, आभारी आहे. डिसेंबरचे उरलेले बिल काल चुकते केले आहे, कृपया खात्यात पाहून घ्यावे.

कागद किलोमागे चार रुपये वाढला, म्हणजे आमच्या खोक्यात साधारण १.९० रुपये येतात. ही वाढ आम्हाला पूर्ण मान्य आहे. त्यापुढचे १.६० आमच्या बरणीच्या किमतीत बसवता येत नाहीत.

म्हणून असे सुचवतो. दर २६.९० पोहोच, जीएसटी वेगळा, असा तीन महिने कायम राहत असेल, तर आम्ही ९,००० खोक्यांची ऑर्डर एकत्र देतो, दरमहा ३,००० उचलतो, आणि पेमेंट ३० ऐवजी १५ दिवसांत करतो. दिवस माल उतरल्याच्या तारखेपासून मोजावेत. खोके आत्ताचेच, ४५० ग्रॅम, कागदही तोच.

ॲडव्हान्स आम्हाला जमणार नाही, कारण माल तपासण्याआधी पूर्ण रक्कम सोडता येत नाही. पैशाची तारीख मात्र चुकणार नाही.

यात काही बसत नसेल तर नेमके कुठे अडते ते कळवा, त्यावर बोलू. शुक्रवारपर्यंत कळले तर मार्चची ऑर्डर लगेच टाकता येईल.

आपला’

यातली एक जागा नीट पाहा. ‘असा राहत असेल, तर’ हे शब्द नसते तर? ‘आम्ही १५ दिवसांत पेमेंट करू. दर २६.९० करावा’, असे सुटे लिहिले तर समोरचा पहिले वाक्य उचलतो, आभार मानतो आणि दर २८ वर ठेवतो. दिलेली गोष्ट परत मागता येत नाही. जे द्यायचे ते ‘जर’ला बांधूनच द्यावे.

दुसरे, दर एकच लिहिला आहे. ‘२६.५० ते २७ च्या दरम्यान’ असे लिहिले की समोरच्याला फक्त २७ दिसतात.

तिसरे, दुसऱ्या कुणाच्या दराचा उल्लेख नाही. दुसरे कोटेशन खरेच हातात असेल तर ‘बाजारात आम्हाला २७ च्या आसपास दर मिळतो आहे, पण व्यवहार तुमच्याशीच ठेवायचा आहे’ इतके लिहायला हरकत नाही. नाव सांगू नये, कोटेशन पुढे पाठवू नये. आणि हातात नसेल तर तसे भासवू नये. कुठला कारखाना किती दराने देतो हे खोकेवाल्यांना एकमेकांचे ठाऊक असते.

आता त्यांचे उत्तर. बहुधा ते मधले येते: ‘२७.६०, आणि २५ टक्के तरी ॲडव्हान्स द्या.’ इथे ‘अर्धे अर्धे करू’ म्हणून २७.२५ वर उडी मारू नका. अडचण दरात आहे की पैशाच्या वेळेत, ते आधी शोधा. फोन करून विचारा, ‘ॲडव्हान्स कशासाठी लागतो आहे?’ आपल्या उदाहरणात उत्तर येते की गिरणी कागदाला रोख मागते आणि तीन महिने दर बांधून घेतला, तर मध्ये कागद आणखी वाढला की आपण मेलो.

म्हणजे भीती पुढच्या वाढीची आहे. तिला ॲडव्हान्सने नाही, एका वाक्याने उत्तर देता येते. दुसऱ्या ईमेलमध्ये लिहा: ‘दर २७.२०. कागद किलोमागे दोन रुपयांहून जास्त हलला, तर त्यापुढच्या दर रुपयाला खोक्यामागे ४८ पैसे दर बदलेल, वाढला तर वर आणि उतरला तर खाली. ॲडव्हान्स नाही, पेमेंट १५ दिवसांत, बाकी सगळे आधीच्या ईमेलप्रमाणे.’ ‘उतरला तर खाली’ हे आठवणीने लिहायचे. ते राहिले तर अट एकाच बाजूने चालते.

२७.२० ला होकार आला असे धरू. २८.५० शी तुलना केली तर महिन्याला ३,९०० रुपये वाचले. त्यासाठी सोडलेल्या १५ दिवसांचे व्याज महिन्याला साधारण ४०० रुपये. पुरवठादारालाही कागदाची पूर्ण वाढ मिळाली, वर तीस पैसे, तीन महिन्यांचे काम, आणि पैसा पूर्वीपेक्षा पंधरा दिवस आधी.

त्याच दिवशी पर्चेस ऑर्डर काढा आणि ठरलेले सगळे तिच्यावर उतरवा: दर, पोहोच, १५ दिवस कुठल्या तारखेपासून, ४५० ग्रॅम आणि त्यात पाच टक्के कमी-जास्त, कागदाची अट. ईमेलमध्ये ठरले आणि ऑर्डरवर जुनेच ‘३० दिवस’ छापून गेले, हे नेहमी होते. मग अकाउंट्स ऑर्डर बघून पैसे ३० व्या दिवशी सोडतात, आणि शब्द आपला मोडतो.

पहिला माल उतरला की दहा खोकी काट्यावर ठेवा. साडेचार किलोच्या आसपास भरली पाहिजेत. दर खाली आला की कागद पातळ लावायचा मोह होतो, आणि ४५० चे ४१० ग्रॅम झालेले हाताला कळत नाही. गोदामात आठव्या थराखालचे खोके बसले की कळते. पावसाळ्यात मात्र वजनावर विसंबू नका. पुठ्ठा हवेतली ओल पितो, वजन वाढते आणि ताकद घटते. तेव्हा फाडून थर बघावा, किंवा पुरवठादाराकडून बर्स्टिंगचा, म्हणजे पुठ्ठा किती दाबाला फुटतो त्याचा, चाचणी अहवाल मागवावा.

वजन कमी भरले तर फोटोसह ईमेल करा, तोही १५ दिवसांच्या आत. कायद्याने मालाबद्दलची लेखी तक्रार तेवढ्यात पोहोचली, तर माल स्वीकारल्याची तारीख ती तक्रार मिटेपर्यंत पुढे जाते. नाही पोहोचली तर माल उतरल्या दिवशीच स्वीकारला असे धरतात. फोनवर केलेली तक्रार यात मोजली जात नाही.

आणि माल बरोबर असेल, तर १५ वा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो रविवारी येत असेल तर पैसे शनिवारी सोडा आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा नंबर, शेठना पाठवा. जूनमध्ये नवे कोटेशन येईल तेव्हा त्यांच्या समोर हीच तारीख असेल.